वीस वर्षांचा ॲनोड सातव्या वर्षी का संपतो?

प्रश्न: आमच्या पाणीपुरवठा संस्थेची शिरोळ तालुक्यात नदीवरच्या जॅकवेलपासून १,२०० मीटर एमएस लाइन आहे. बाहेरचा व्यास ५०८ मिमी, कोल टारचं कोटिंग, वय बारा वर्षं. सगळी जमीन काळी, उसाची. दोन ठिकाणी बाहेरून गंजून भोकं पडली. ठेकेदारानं ७.७ किलोचे २७ मॅग्नेशियम ॲनोड सुचवलेत. कोटेशनमध्ये 'जमीन ४० ओहम-मीटर, आयुष्य २० वर्षं' असं आहे. शेजारच्या संस्थेचे असेच ॲनोड सातव्या वर्षी संपले. हा २० वर्षांचा आकडा काढतात कसा, आणि आम्ही किती धरायचा?

उत्तर:

तुमच्या ठेकेदाराचं गणित मी करून पाहिलं आणि ते बरोबर येतं. शेजारच्या संस्थेची सात वर्षंसुद्धा त्याच गणितातून येतात. दोन्हींत फरक आहे तो एकाच आकड्याचा, जमिनीच्या रोधाचा. उसाच्या काळ्या रानात ४० ओहम-मीटर हा आकडा मला पटत नाही. तो कुठून आला असावा हे पुढे सांगतो, आधी गणित उलगडू.

जमिनीतला पाइप गंजतो तेव्हा लोखंडाच्या काही जागांवरून विजेचा बारीक प्रवाह मातीत उतरत असतो, आणि जिथून तो उतरतो तिथलं लोखंड झिजतं. पाइपाला केबलनं मॅग्नेशियमचा ठोकळा, म्हणजे ॲनोड, जोडला की प्रवाह मॅग्नेशियममधून मातीत उतरतो, मातीतून पाइपावर येतो आणि केबलनं परत जातो. झिजायचं काम मॅग्नेशियमकडे जातं आणि पाइप वाचतो. ही झीज हिशोबात बसते. एक किलो मॅग्नेशियम संपेपर्यंत पुस्तकी हिशोबानं सुमारे २,२०० अँपिअर-तास देतं, पण प्रत्यक्षात त्यातलं निम्मं जमिनीतल्या ओलाव्याशी परस्पर झिजून वाया जातं. म्हणून आम्ही १,१०० धरतो. शिवाय शेवटचं १५ टक्के धातू कामाला येत नाही, कारण ठोकळा लहान-वेडावाकडा होऊन मधल्या सळीभोवती तुकडे उरले की प्रवाह पडतो. मग ७.७ किलोच्या ॲनोडचं भांडवल असं होतं: ७.७ × १,१०० × ०.८५, म्हणजे साधारण ७,२०० अँपिअर-तास.

हे भांडवल किती दिवस पुरेल ते रोजच्या खर्चावर, म्हणजे ॲनोड किती प्रवाह सोडतो त्यावर ठरतं. टाकी केवढी हे कारखान्यात ठरतं, पण तोटी किती उघडी राहणार हे तुमची जमीन ठरवते. सगळं गणित या दोन ओळींत आहे:

```
R = ρ / (2πL) × [ ln(8L/d) − 1 ]
Y = (W × C × U) / (I × 8760)
```

पहिल्या ओळीत ρ म्हणजे जमिनीचा रोध ओहम-मीटरमध्ये, L आणि d म्हणजे ॲनोडच्या पोत्याची लांबी आणि जाडी मीटरमध्ये. (माप पोत्याचं घ्यायचं, आतल्या ठोकळ्याचं नाही, कारण जिप्सम-बेन्टोनाइटची भर चांगली वाहक असते आणि मातीशी पोतंच टेकलेलं असतं.) यातून ॲनोड आणि जमीन यांच्यातला रोध मिळतो. दुसऱ्या ओळीत W वजन, C म्हणजे ते १,१००, U म्हणजे ०.८५, I म्हणजे प्रवाह अँपिअरमध्ये आणि ८,७६० हे वर्षातले तास. Y म्हणजे वर्षं.

आता ठेकेदाराचे ४० ओहम-मीटर घाला. ७.७ किलोच्या ॲनोडचं पोतं साधारण ७५ सेंमी लांब आणि २० सेंमी जाड धरलं, तर रोध २०.४ ओहम येतो. केबल आणि भरीचे ०.४ ओहम मिळवून २०.८. चांगल्या प्रतीच्या मॅग्नेशियमचं पोटेन्शियल मोरचुदाच्या हाफ सेलला, म्हणजे मातीवर टेकवून मोजायच्या संदर्भ-सेलला, धरून सुमारे उणे १.७५ व्होल्ट असतं, आणि पाइप उणे ०.८५ ला आणायचा असतो. मधले ०.९० व्होल्ट म्हणजे ढकलणारा दाब. ०.९० भागिले २०.८ म्हणजे ४३ मिलिअँपिअर. ७,२०० अँपिअर-तासांचं भांडवल या दरानं खर्च केलं तर १९ वर्षं पुरतं. कोटेशनमधली 'वीस वर्षं' ती हीच. २७ ॲनोडांचा मिळून प्रवाह होतो १.१६ अँपिअर. तुमच्या पाइपाचं बाहेरचं क्षेत्रफळ आहे सुमारे १,९१५ चौरस मीटर, म्हणजे त्यांनी दर चौरस मीटरला ०.६ मिलिअँपिअर गरज धरली आहे. बारा वर्षं जुन्या कोल टारसाठी हा अंदाज वावगा नाही. इथवर माझी काही तक्रार नाही.

आता जमीन बदला. नदीकाठच्या, बारमाही पाणी पिणाऱ्या काळ्या रानात पाइपाच्या खोलीवर मला बहुतेक वेळा ५ ते १५ ओहम-मीटर मिळतात. ९ धरू. ॲनोडचा रोध ४.६ ओहमवर उतरतो, केबलसकट ५. तोच ॲनोड, तोच दाब, पण प्रवाह आता १८० मिलिअँपिअर आणि आयुष्य साडेचार वर्षं. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यात ३ ओहम-मीटर निघाले, तर तोच ॲनोड पावणेदोन वर्षांत संपेल. उलट गावाबाहेरच्या मुरमाड माळावर ६० ओहम-मीटरला तो २९ मिलिअँपिअर सोडेल आणि कागदावर २८ वर्षं टिकेल. ॲनोड एकच, बिल एकच, आणि आयुष्य पावणेदोन वर्षांपासून अठ्ठावीस वर्षांपर्यंत.

मग शेजाऱ्यांचे साडेचार वर्षांत न संपता सातव्या वर्षी का संपले? त्यांचीही मांडणी तुमच्या कोटेशनसारखी, गरजेच्या हिशोबानं मोजून दिलेली असेल असं धरतो. गरज सव्वा अँपिअरच्या आत असताना १८० मिलिअँपिअर देऊ शकणारे २७ ॲनोड एका पाइपाला लावले, की पाइप उणे ०.८५ वर थांबत नाही. तो आणखी खाली जातो, उणे १.१, उणे १.१५ पर्यंत. पाइप जितका खाली जातो तितका मॅग्नेशियम आणि पाइप यांच्यातला दाब कमी होतो. उणे १.१५ ला तो ०.६० व्होल्ट उरतो. ०.६० भागिले ५ म्हणजे प्रत्येकी १२० मिलिअँपिअर, आणि ७,२०० अँपिअर-तास या दरानं पावणेसात वर्षं पुरतात. म्हणजे त्यांची लाइन बिनगरजेची दुप्पट-तिप्पट वीज पीत होती. मला त्यात दुसरीही काळजी वाटते. पाइप उणे १.१ ते १.२ च्या पलीकडे बराच काळ राहिला तर कोटिंगच्या चिरांपाशी अल्कली आणि हायड्रोजन तयार होतो आणि कोटिंग सुटायला लागतं. ॲनोड संपल्यावर तो पाइप आधीपेक्षा उघडा पडलेला असतो. त्यांना जरूर सांगा, एखाद-दोन ठिकाणी उकरून कोटिंग बघून घ्या.

ते ४० ओहम-मीटर कुठून येतात, हे मला माहीत आहे, कारण एकदा मीच ते आणले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या एका संस्थेसाठी मी मे महिन्यात मोजणी केली. उभ्या उसात चार खिळे ठोकायला सरीतनं जाणं नको वाटलं, म्हणून पाणंदीच्या कडेनं मोजलं. पाणंद म्हणजे मुरूम टाकून दाबलेली, उन्हानं वाळलेली. वाचन ३८ आलं आणि मी त्यावर डिझाइन केलं. पाचव्या वर्षी संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, टेस्ट बॉक्समध्ये, म्हणजे ॲनोडची केबल जिथून पाइपाला जाते त्या मोजणीच्या पेटीत, काटा हलत नाही. आम्ही एक ॲनोड उकरला. कापडी पोतं कुजून चिखलाशी एकजीव झालं होतं. जिप्समच्या करड्या लगद्यात पांढरी, चुन्यासारखी मऊ भुकटी होती आणि तिच्या मधोमध नुसती गॅल्व्हनाइज्ड सळी. सळीला मधमाशांच्या पोळ्यासारखे मॅग्नेशियमचे दोन-तीन तुकडे चिकटलेले, बोटानं दाबले की चुरा होणारे. तिथेच खड्ड्याच्या तळाशी मी पुन्हा मोजणी केली, वाचन ८ च्या आसपास आलं. संस्थेचे पैसे गेले होते ते माझ्या त्या एका मोजणीमुळे.

म्हणून मोजणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, ती तुम्हाला ठेकेदारासमोर उभं राहून करून घेता येईल. चार खिळे एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन खिळ्यांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोघांत दाब मोजतात. मीटर त्यावरून ओहम दाखवतो. त्याला २π आणि खिळ्यांमधल्या अंतरानं गुणलं की ओहम-मीटर मिळतात. अंतर दीड मीटर ठेवून मीटरनं ०.९५ ओहम दाखवले तर ९.४२ × ०.९५, म्हणजे ९ ओहम-मीटर. खिळ्यांमधलं अंतर जितकं, साधारण तितक्या खोलीपर्यंतच्या मातीचा तो सरासरी रोध असतो. त्यामुळे अंतर पाइपाच्या आणि ॲनोडच्या खोलीएवढं ठेवायचं. अर्ध्या मीटरवर मोजलं तर उन्हाळ्यात तुम्ही भेगाळलेला वरचा थर मोजत असता. ॲनोड त्या थरात नसतो. खिळ्यांची रेष पाइपाला समांतर आणि जवळ घेऊ नका, कारण प्रवाह पाइपातून निघून जातो आणि वाचन खोटं कमी येतं. पाइपापासून लांब, आडवी रेष घ्या. आणि मुख्य म्हणजे मोजणी रानाच्या आत करा, पाणी दिल्यानंतर. ॲनोड जिथं गाडायचा तिथं उसाला वर्षभर पाणी मिळणार आहे, म्हणून हिशोबही ओल्या जमिनीचाच हवा. १,२०० मीटरात किमान आठ-दहा ठिकाणी वाचन घ्या. आकडे एकसारखे येणार नाहीत. नदीकाठची मळई, मधलं चोपण रान, वरचा चढ, सगळ्यांचं वेगळं येईल. सरासरी काढून एकच आकडा वापरू नका, प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा करा.

पाइपाची गरजही अंदाजावर सोडू नका. तुमची लाइन जमिनीत आहे, तिलाच विचारता येतं. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी, लाइनपासून पन्नास-शंभर मीटर लांब ठोकलेल्या चार-पाच लोखंडी सळ्या आणि मध्ये कमी-जास्त करता येणारा रोध, एवढं पुरे. बॅटरीचं धन टोक सळ्यांना आणि ऋण पाइपाला. हे उलटं झालं तर पाइपच झिजेल, म्हणून जोडणी दोघांनी तपासून मगच चालू करा. प्रवाह हळूहळू वाढवत दोन दिवस चालू ठेवायचा आणि अधूनमधून क्षणभर तोडून त्याच क्षणी हाफ सेलवर वाचन घ्यायचं. प्रवाह चालू असताना मातीतला दाबही वाचनात मिसळतो आणि पाइप आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतो. म्हणून तोडल्याक्षणीचं वाचनच खरं. लाइनच्या दोन्ही टोकांना ते उणे ०.८५ किंवा त्याखाली आलं की त्या वेळचा प्रवाह ही तुमची गरज. समजा ती १.१५ अँपिअर निघाली, पुढचा हिशोब त्यावर करतो.

इथं एक गोष्ट अनेक कोटेशनांत सुटते. ॲनोडांची संख्या दोनदा काढावी लागते, एकदा प्रवाहासाठी आणि एकदा वजनासाठी, आणि मोठी येईल ती घ्यायची. ९ ओहम-मीटरच्या रानात मॅग्नेशियमचे १.१५ अँपिअरसाठी सात ॲनोड पुरतात, पण ते साडेचार वर्षांत संपतात. वीस वर्षं चालवायचं तर १.१५ अँपिअरला सुमारे २१५ किलो मॅग्नेशियम लागतं, म्हणजे ७.७ किलोचे २८. आणि २८ लावले की वर शेजाऱ्यांचं झालं तेच होतं: ते गरजेपेक्षा जास्त प्रवाह सोडतात आणि वीस वर्षं टिकत नाहीत. वजन आणि प्रवाह यांची सांगड मॅग्नेशियमनं अशा जमिनीत सहज बसत नाही. तुमच्या ठेकेदाराचे २७ आणि हे २८ जवळजवळ सारखेच दिसतात, पण त्यामुळे फसू नका. त्याचे २७ प्रवाहासाठी होते, हे २८ वजनासाठी आहेत.

म्हणून १५ ओहम-मीटरच्या खालच्या जमिनीत मी झिंक सुचवतो. झिंकचं पोटेन्शियल उणे १.१० व्होल्ट. पाइप ०.८५ ला आणताना दाब फक्त ०.२५ व्होल्टचा. हा दाब तोकडा वाटतो, पण कमी रोधाच्या मातीत तो पुरतो. शिवाय पाइप कधी उणे १.१० च्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे कोटिंगही सांभाळलं जातं. झिंकचा स्वतःचा अपव्यय जेमतेम १० टक्के असतो. एक किलोला पुस्तकी ८२० पैकी सुमारे ७४० अँपिअर-तास हाती येतात. मॅग्नेशियमपेक्षा किलोमागे कमी, पण हिशोब पक्का.

२७ किलोचा लांब झिंक ॲनोड घेऊ, पोतं १.६ मीटर लांब, १५ सेंमी जाड. ९ ओहम-मीटरला रोध ३.१, केबलसकट ३.४ ओहम. प्रवाह ७४ मिलिअँपिअर. भांडवल २७ × ७४० × ०.८५, सुमारे १७,००० अँपिअर-तास. आयुष्य २६ वर्षं. एकेकटे लांब लांब लावले तर १.१५ अँपिअरला सोळा लागतील. पण सोळा जागी सोळा टेस्ट बॉक्स सांभाळणं शेतात जमत नाही, म्हणून चार-चारचे गट करतो, गटात पाच-पाच मीटरवर. जवळ जवळ असले की ते एकमेकांच्या वाटेत येतात आणि प्रत्येकाचा प्रवाह ६४ मिलिअँपिअरच्या आसपास उतरतो. गटाला पाव अँपिअर. मग पाच गट, वीस ॲनोड, मिळून सव्वा अँपिअर. वजनाच्या हिशोबानं वीस वर्षांसाठी बाराच पुरले असते, म्हणजे इथं प्रवाहाची संख्या मोठी आणि वजन शिल्लक राहतं. पुढे कोटिंग खराब होत जाईल आणि गरज वाढेल, तेव्हा ही शिल्लक कामाला येते. वीस वर्षांचा शब्द मी अशा मांडणीवर देईन.

झिंकची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. नदीकाठी जिथं पाणी साचून राहतं आणि माती उकरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो, तिथं हवेविना जगणारे जिवाणू लोखंड खातात आणि उणे ०.८५ पुरत नाही. तिथं उणे ०.९५ धरावे लागतात. मग झिंककडे दाब उरतो फक्त ०.१५ व्होल्ट. प्रवाह त्याच प्रमाणात घटतो आणि ॲनोडांची संख्या दीडपटीहून जास्त होते. तेवढ्या तुकड्यात मी मॅग्नेशियमचा मोठा ॲनोड घेऊन टेस्ट बॉक्समध्ये रोध घालतो, म्हणजे तोटी अर्धी बंद केल्यासारखी. उकरताना नाकावर विश्वास ठेवा आणि कुठं वास आला ते नकाशावर लिहून ठेवा.

मुरमाड चढ लागला तर तिथं मॅग्नेशियमच बरं, झिंकचा दाब तिथं पोचत नाही. फक्त वर आलेले ते २८ वर्षांचे कागदी आकडे मी मान्य करत नाही. ॲनोड फार कमी प्रवाह सोडत असला की परस्पर झिजण्याचं प्रमाण वाढतं आणि ५० टक्के कार्यक्षमता टिकत नाही. अशा जागी २८ आले तरी मी २० च लिहितो.

गणित बरोबर बसवलं तरी आयुष्य अर्ध्यावर आणणाऱ्या दोन-तीन गोष्टी जागेवर होतात. पहिली आणि सगळ्यात वाईट, जॅकवेलचं अर्थिंग. मोटार, पॅनेल, पंप यांचं अर्थिंग पाइपाशी धातूनं जोडलेलं असतं, आणि त्यात तांबं असेल तर तुमचे ॲनोड पाइपाआधी ते तांबं पोसायला लागतात. याची खूण सोपी आहे. जॅकवेलजवळ वाचन उणे ०.६ वर अडलेलं असतं, वर शेताकडे गेलं की सुधारत जातं, आणि सगळ्या गटांचा प्रवाह डिझाइनपेक्षा जास्त दिसतो. उपाय म्हणजे पंपाच्या मॅनिफोल्डनंतरच्या फ्लँजला इन्सुलेटिंग गॅस्केट आणि प्रत्येक बोल्टला बाही आणि वॉशर. मोटारीचं अर्थिंग काढायचं नाही, ते जीव वाचवणारं आहे. पाइप तेवढा त्यापासून वेगळा करायचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर बऱ्याच जॅकवेलांची पॅनेल नव्यानं बसली. वायरमननं चांगल्या मनानं फ्लँजवरून जीआयची पट्टी ओढून 'अर्थिंग पूर्ण' केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. तुमच्याकडे तसं झालंय का हे आधी बघा. त्याच जागी लाल रंगात 'इथं पट्टी जोडू नये' असं लिहून टाका.

दुसरी गोष्ट, लाइन विजेच्या दृष्टीनं अखंड हवी. वेल्डिंगचे सांधे चालतात, पण रबर गॅस्केटच्या फ्लँजेस आणि मेकॅनिकल कपलिंगना केबलचा जोड द्यावा लागतो. नाहीतर पलीकडचा पाइप ॲनोडच्या हिशोबातच येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ॲनोडचं बाहेरचं प्लास्टिक. तयार ॲनोड प्लास्टिकच्या वेष्टनात येतात आणि ते फाडून, आतलं कापडी पोतंच गाडायचं असतं. संध्याकाळी घाईत गडी ते तसंच पुरतात. पुरायच्या आधी प्रत्येक ॲनोडचं रिकामं प्लास्टिक मोजून घ्या, वीस ॲनोड तर वीस पिशव्या. पोत्यावर भरपूर पाणी ओतूनच माती लोटायची. केबल एक मीटरच्या खालून न्या, सबसॉयलर कुठवर जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता खर्चाची वही. प्रत्येक गटाची केबल टेस्ट बॉक्समधून गेली पाहिजे आणि तिथं ०.१ ओहमचा शंट हवा. थेट पाइपाला वेल्ड केलेली जोडणी स्वीकारू नका. मग प्रवाह मोजता येत नाही, आणि तोडल्याक्षणीचं खरं वाचनही घेता येत नाही. शंटवर साध्या मल्टिमीटरनं मिलिव्होल्ट वाचायचे आणि दहानं गुणायचं, मिलिअँपिअर मिळतात. २५ मिलिव्होल्ट म्हणजे पाव अँपिअर. वर्षातून दोनदा वाचा, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पाऊस चांगला मुरल्यावर श्रावणात. दोन्हींची सरासरी धरा. हाफ सेलच्या वाचनाला मात्र चांगल्या अंतर्गत रोधाचा, किमान १० मेगाओहमचा मीटर लागतो, आणि कोरड्या जमिनीत सेलखाली लोटाभर पाणी ओतावं लागतं.

ही वही असली की उरलेलं आयुष्य कुणाला विचारावं लागत नाही. शेजाऱ्यांनी ती ठेवली असती तर काय दिसलं असतं बघा. तिसऱ्या वर्षाअखेरीस एका ॲनोडमागे सरासरी १२० मिलिअँपिअर. तीन वर्षांचे तास २६,२८०, म्हणजे खर्च सुमारे ३,१५० अँपिअर-तास. भांडवल ७,२००. शिल्लक ४,०५०, म्हणजे याच दरानं आणखी पावणेचार वर्षं. सातव्या वर्षी येणारं संकट तिसऱ्याच वर्षी कागदावर दिसलं असतं आणि तेव्हा टेस्ट बॉक्समध्ये रोध घालून पुढचा खर्च निम्म्यावर आणता आला असता. शेवट जवळ आल्याची खूणही वहीतच दिसते. बरीच वर्षं सारखा राहिलेला प्रवाह एक-दोन हंगामांत झपाट्यानं घसरतो आणि पाइपाचं वाचन उणे ०.८५ च्या वर, ०.७ कडे सरकायला लागतं. मात्र अचानक शून्य झाला तर ॲनोड संपला असं समजू नका. बहुतेक वेळा केबल तुटलेली असते.

शेवटी तुमच्या दोन भोकांबद्दल. ॲनोड पाइपाला फक्त बाहेरून वाचवतात, आतल्या बाजूला त्यांचा प्रवाह पोचत नाही. तुम्ही बाहेरून गंजलाय म्हणता ते बरोबर असेल, पण कापलेला तुकडा जपला असेल तर आतली बाजू एकदा बघा. आणि भोकाभोवतीचं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटून त्याखाली पाणी साचलेलं होतं का, हेही आठवून बघा. सुटलेल्या पापुद्र्याखाली प्रवाह शिरत नाही, तिथं उणे ०.८५ वाचूनही गंज चालूच राहतो. तसं असेल तर त्या पट्ट्यात आधी कोटिंग खरवडून नवीन करा, मग ॲनोड.

ठेकेदाराला कोटेशन परत पाठवताना एवढंच मागा: आठ-दहा ठिकाणची ओल्या रानातली वाचनं दीड मीटर अंतरानं घेतलेली, बॅटरी चाचणीतून निघालेली गरज, प्रत्येक गटाचा अपेक्षित प्रवाह, आणि त्या प्रवाहावर काढलेलं आयुष्य. ही वाचनं तुमच्या हातात आली की इथं लिहा, तुकड्यागणिक हिशोब मी करून देईन.